पटावर नसलेला मुलगा आणि पाकिटावरचं ‘सौ.’

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत ‘माझी कथा कशी घडली’ या विषयावर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी एका पाकिटापासून सुरुवात करते. पाच रुपयांचं पोस्टाचं पाकीट. त्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलेला पत्ता असा : ‘सौ. बाई, हेडगुरुजींच्या घरी, प्राथमिक शाळा’, मग गावाचं नाव, ‘ता. शिरोळ, जि. कोल्हापूर’. पिनकोड नाही. बाईंचं नाव नाही, आडनाव नाही. माझ्या कथेतलं हे पाकीट आहे आणि आज मी त्या एकाच कथेबद्दल बोलणार आहे. ती लिहायला मला चार वर्षं लागली. तीन खर्डे फुकट गेले. ते का फुकट गेले, हे आठवून सांगितलं तर इथे जी लिहिणारी मंडळी बसली आहेत त्यांना काही हाती लागेल असं वाटतं.

विषय एका ओळीचा. निवृत्त शिक्षिका, नुकताच नवरा गेलेला, आणि एके दिवशी जुन्या विद्यार्थ्याचं पत्र येतं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे हा विषय मला घरचा वाटला. पण घरचा विषय फसवतो. आपल्याला सगळं माहीत असतं, म्हणून आपण विचारत काहीच नाही.

पहिल्या खर्ड्यात मी काय केलं ते सांगते. विद्यार्थी मोठा अधिकारी झालेला. त्याचं पत्र कृतज्ञतेचं. बाई, तुमच्यामुळे मी घडलो, तुमची छडी आठवते, वगैरे. बाई पत्र वाचतात, डोळे पुसतात, नवऱ्याच्या फोटोकडे बघतात. संपली कथा. एका छोट्या बैठकीत मी ती वाचली. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला आणि मला वाटलं, जमली. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे गुरुजी उठले. म्हणाले, “ताई, कथा बरी आहे. पण मला एक सांगा, त्या मुलाला पत्र लिहायची गरज काय पडली? आता लोक फोन करतात. आणि एवढ्या वर्षांनी आत्ताच का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी पत्राचा जुना मायना कागदावर लिहून काढला, जसा आईनं शिकवला होता तसा. वर मधोमध ‘श्री’. मग तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आणि मग ते तीन शब्द, ‘पत्रास कारण की’. आपल्या जुन्या माणसांनी पत्र लिहिणाऱ्याला ही अटच घालून ठेवली होती. नमस्कार झाला, आता कारण सांग. माझ्या पत्राला कारण नव्हतं. नुसत्या आभाराच्या पत्राला उत्तर द्यायची सक्ती नसते. ते वाचायचं, घडी घालायची, ठेवून द्यायचं. वाचणाऱ्या माणसाला त्यानंतर काहीही करावं लागत नाही, आणि ज्या माणसाला काही करावं लागत नाही त्याची कथा पुढे कशी जाणार? तेव्हा मी ठरवलं की या मुलाला बाईंकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. आणि ते देणं बाईंना जड गेलं पाहिजे.

काय हवं असेल, हे शोधताना मला ऊसतोडीच्या टोळीतली मुलं आठवली. आमच्या भागात ती दरवर्षी दिसायची. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या यायच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हो, माणसांच्या जोडीलाच कोयता म्हणतात. कॅनॉलच्या कडेला पाचटाच्या कोपी उभ्या राहायच्या. पोरं आईबापांबरोबर पहाटे फडात जायची, वाढे गोळा करायची, धाकट्याला सांभाळायची. मार्च-एप्रिलला गाळप संपलं की टोळी परत. म्हणजे गावातली शाळा जूनला सुरू व्हायची आणि पोरगं दिवाळीला गाव सोडायचं. किती तरी मुलांचं नाव गावच्या शाळेत कधी पडलंच नाही.

आता कथेतला मुलगा मला दिसला. त्याचं नाव आनंदा. त्याची टोळी १९८९ ते १९९२ असे तीन हंगाम त्याच गावात उतरली. बाई तिसरी-चौथीला शिकवायच्या. तो पहिल्या हंगामात शाळेच्या दाराशी येऊन उभा राहायचा, बाईंनी त्याला आत बोलावलं, आणि तो दाराजवळच्या बसायच्या पट्टीवर बसू लागला. तिसऱ्या हंगामापर्यंत त्याला लिहिता यायला लागलं होतं, इतकं की संध्याकाळी कोपीकोपीतली माणसं त्याच्याकडून घरी पत्रं लिहून घ्यायची. दहा वर्षांचं पोर चुलीच्या उजेडात लिहितंय, ‘पत्रास कारण की, उचल अजून फिटली नाही, तरी म्हशीचं दूध विकू नये, नातवाला पाजावं.’ हा तपशील सुचला तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले होते. त्या एका वाक्यातून मला तो मुलगा पुरा कळला.

पत्रास कारण काय, तेही मग आपोआप आलं. ते पत्र मी आता वाचून दाखवते. कथेत ते सुरुवातीलाच आहे.

‘श्री. ती. स्व. सौ. बाईंना आनंदाचा शि. सा. न. वि. वि. मी आनंदा. आठवण असंल तर बीडकडची टोळी कॅनॉलला उतरायची, त्यातला. पत्रास कारण की, माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला घालायची आहे. तिच्या जातीच्या दाखल्याला तहसीलला म्हणतात वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. गावच्या शाळेत माझं नाव कधी नव्हतं. मी सांगितलं की मी तीन साल शाळेत होतो, शिरोळ तालुक्यात. बाई रोज हजेरी घ्यायच्या. सगळ्यांत शेवटी माझं नाव यायचं आणि मी हजर म्हणायचो. तरी पटावर बघून माझा दाखला काढून पाठवावा. फी काय असंल ती मनीऑर्डरनं पाठवतो. गुरुजींना माझा साष्टांग नमस्कार सांगावा. त्यांनी मला निळ्या शाईचं पेन दिलं होतं. आपला आज्ञाधारक, आनंदा.’

हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले, आणि त्यातले सहा दिवस शब्द कमी करण्यात गेले. त्यात एक जागा आहे ती नीट बघा. ‘सगळ्यांत शेवटी माझं नाव यायचं आणि मी हजर म्हणायचो.’ पहिल्यांदा वाचताना ही गोड आठवण वाटते. पानभर पुढे गेल्यावर वाचकाला कळतं की आनंदाचं नाव पटावर नव्हतंच. वर्गाच्या हजेरीपत्रकात एक्केचाळीस मुलं होती. बाई एक्केचाळीस नावं वाचायच्या, हजेरीपत्रक मिटायच्या, आणि मग मान वर करून म्हणायच्या, “आनंदा”. तो उभा राहून म्हणायचा, “हजर”. आपलं नाव घेतलं जात नाही म्हणून पोराला कोपऱ्यातल्यासारखं वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू. कागदावर त्याची खूण कधी उमटली नाही. पण ते पोराला कसं कळणार? तो सत्तावीस वर्षं हेच धरून चाललाय की आपण त्या पटावर होतो.

कथा मला इथे सापडली. बाईंनी माया केली होती. आणि त्या मायेनंच एका माणसाला खोटी खात्री दिली. निर्दयपणे वागल्या असत्या, दारातून हाकलला असता, तर आज हे पत्र आलंच नसतं.

नाव का घातलं नाही? कारण शाळेचे मुख्याध्यापक, म्हणजे बाईंचे यजमान, नको म्हणाले होते. मी त्यांना वाईट माणूस केलेलं नाही. दुसऱ्या खर्ड्यात केलं होतं, ते खोटं वाटत होतं. गुरुजींची अडचण खरी होती. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, आधीच्या शाळेचा दाखला नाही, जन्मतारखेचा पुरावा नाही, मार्चमध्ये निघून जाणार. नाव घातलं की पट वाढणार, मग गैरहजेरी लागणार, तपासणीला साहेब आले की जाब गुरुजींना. आज असं म्हणता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही या कारणानं मुलाला प्रवेश नाकारायची सोय त्यानं काढून टाकली. पण हे १९८९ आहे. गुरुजी बाईंना म्हणाले, “बसव त्याला. शिकव. पण नाव घालू नको. उद्या विचारलं तर मी काय दाखवू?” बाई ‘बरं’ म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. आणि त्याच गुरुजींनी जाताना त्या मुलाला स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. ही दोन्ही कामं एकच माणूस करतो. मला तर असे किती तरी गुरुजी माहीत आहेत.

आता वैधव्याकडे येते. गुरुजी ऑगस्ट २०१८ मध्ये गेले, पत्र जानेवारी २०१९ मध्ये आलं. मधे पाच महिने.

दुसऱ्या खर्ड्यात मी या पाच महिन्यांनी पानंच्या पानं भरली होती. दोन कप चहा टाकून एक ओतून देणं, रिकामी आरामखुर्ची, दोरीवर एकटं वाळणारं लुगडं, आणि हो, पाऊससुद्धा होता. यातलं खोटं काहीच नाही. नवरा गेलेल्या बाईच्या घरात हे सगळं घडतं. पण ते सगळ्यांच्याच घरी घडतं, म्हणून ते माझ्या बाईंचं नव्हतं. त्या पानांमधून ‘गुरुजी’ काढून दुसरं कोणतंही माणूस ठेवलं असतं तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. मग मी स्वतःला विचारलं की गुरुजी जिवंत असते तर या पत्राचं काय झालं असतं? उत्तर सोपं होतं. बाईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं असतं आणि म्हटलं असतं, “बघा, तुमच्यामुळे.” भांडण झालं असतं, गुरुजी गप्प बसले असते, मग कोणत्या तरी जुन्या सहकाऱ्याला फोन करून त्यांनी काहीतरी वाट काढली असती. आता तसं होणार नाही. ज्यानं निर्णय घेतला तो नाही, ज्याच्याशी भांडायचं तो नाही. दोघांनी केलेल्या एका गोष्टीचं उत्तर आता एकीनं द्यायचं आहे. हे हाती आल्यावर मी चहाचे कप आणि पाऊस काढून टाकला.

त्या पाच महिन्यांतलं मी एवढंच ठेवलं : पाकीट आणि पोस्टमन. पोस्टमन गावातलाच, गुरुजींच्या तिरडीला खांदा दिलेला. पत्र आधी शाळेत गेलं होतं, तिथून त्यानं ते बाईंच्या घरी आणलं. पिनकोड नसल्यामुळे ते अकरा दिवस फिरत होतं. (जाता जाता सांगते, पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याकडचेच, संस्कृतात काव्य लिहिणारे पोस्टखात्यातले अधिकारी.) पोस्टमननं पत्ता वाचलेला आहे. ‘सौ. बाई, हेडगुरुजींच्या घरी.’ तो नेहमी पत्र देताना नाव मोठ्यानं वाचतो. आज तो वाचत नाही. पाकीट उलटं करून, पत्त्याची बाजू खाली ठेवून देतो आणि सायकल वळवतो.

एवढंच. पाकीट उलटं दिलं. वाचकाला कारण सांगायचं नाही, बाई पाकीट सुलटं करतील तेव्हा त्याला दिसेलच.

‘सौ.’ या अक्षराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण परभाषेतल्या माणसाला ही कथा सांगताना मला सगळ्यात जास्त अडचण इथे येते. सौभाग्यवती. नवरा हयात आहे एवढीच माहिती देणारं हे अक्षर बाईच्या नावाआधी लागतं. नवरा गेला की पूर्वी ‘गं. भा.’ लिहीत, गंगा भागीरथी. आता ‘श्रीमती’ लिहितात. पुरुषाच्या नावाआधी बायको जिवंत आहे की नाही हे सांगणारं काही लागत नाही, तो जन्मभर ‘श्री.’ एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना शासनाच्या पातळीवर पुढे आली होती. त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हा वाटलं, बरं झालं गदारोळ झाला, कारण विधवेला दुसरं नाव दिलं तरी खूण ती खूणच राहते. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे प्रकार गावात बंद. शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. माझी कथा त्याआधीची आहे, २०१९ ची. म्हणून बाईंच्या बांगड्यांचं काय झालं ते मी लिहिलेलं नाही, पण तुम्हाला ते माहीत आहे.

आनंदाला गुरुजी गेल्याचं ठाऊक नाही. त्यानं बाईंनीच शिकवलेला मायना बिनचूक लिहिला आहे. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, आणि त्यांच्या जागी असणाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, हा फरक हल्ली शिकलेल्या माणसालाही सांगता येत नाही. आता शाळेत पत्रलेखन ई-मेलच्या साच्यात शिकवतात. आनंदानं ‘ती. स्व.’ लिहिलं. बाई ते बघतात आणि त्यांना कळतं की हा मुलगा आपल्या वर्गात बसला होता याचा एकच पुरावा जगात आहे आणि तो आपल्या हातात आहे. हे पत्रच त्याचा दाखला. फक्त तहसीलला तो चालत नाही.

पुढचा प्रसंग शाळेतला. इथे मी तिसऱ्या खर्ड्यात चुकले. तेव्हा मी बाईंना शाळेत पाठवलं होतं ते नाव शोधायला. जुनी कपाटं, धूळ, रजिस्टरं, पान उलटतात, आता सापडेल, मग सापडेल, आणि सापडत नाही. वाचकाला ताणून धरलं. पण बाईंना आधीच माहीत आहे की नाव नाही. त्या शोधतील कशाला? मी वाचकाला फसवण्यासाठी माझ्या पात्राला मूर्ख केलं होतं. उत्कंठा वाढवायला पात्राला माहीत असलेली गोष्ट लेखकानं लपवली की वाचकाचा त्या पात्रावरचा विश्वास उडतो, आणि तो परत येत नाही.

मग बाई शाळेत जातातच का? हे मला फार दिवस सुचत नव्हतं. सुचलं ते आईच्या एका सवयीवरून. आईचं अक्षर आणि तिच्या मुख्याध्यापकांचं अक्षर जवळजवळ सारखं होतं, कारण त्यांची रजिस्टरं तीच भरायची. कथेतल्या बाईही गुरुजींची रजिस्टरं भरायच्या. जनरल रजिस्टर हे शाळेचं कायम जपायचं दप्तर. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. दाखला निघतो तो यावरून. बाई शाळेत जातात ते गुरुजींचं अक्षर बघायला. पाच महिन्यांत घरातल्या हिशेबाच्या वह्या त्यांनी उघडलेल्या नाहीत. इथे कामाचं निमित्त आहे.

आत्ताची मुख्याध्यापिका तरुण आहे, बाईंचीच विद्यार्थिनी, पटावरची. ती १९८९ चं रजिस्टर टेबलावर ठेवते. बाई पान काढतात. काळी शाई, डावीकडे झुकणारी वेलांटी. काही ओळी गुरुजींच्या आहेत, काही बाईंच्या, आणि कोणती कोणाची हे आता बाईंनाही सांगता येत नाही. पानाच्या शेवटी एक ओळ मोकळी आहे. पुढच्या पानावर नवा क्रमांक सुरू होतो. मुख्याध्यापिका खिडकीकडे बघत म्हणते, “बाई, मी जरा मुलांना खिचडी वाढली का बघून येते.” आणि जाते.

टेबलावर दौत नाही, पण बाईंच्या पिशवीत पेन आहे. एक ओळ. अक्षर जुळतं. बघणारं कोणी नाही. मुलीचं नर्सिंग होईल.

इथे मी कथेतला सर्वांत जास्त वेळ घालवला, दोन पूर्ण पानं. बाई लिहितील का? मी खरंच दोन्ही लिहून बघितलं. लिहिलं तर वाचकाला आनंद होतो, एका अन्यायाची भरपाई होते. पण ती खोटी नोंद गुरुजींच्या अक्षरात पडते. जन्मभर ‘तपासणीला मी काय दाखवू’ म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर, तो नसताना. शिवाय दाखला पडताळणीला गेला, क्रमांक मागेपुढे जुळला नाही, तर भोगणार ती मुलगी. तिचा प्रवेश जाणार. हे दुसरं कारण मला एका निवृत्त तलाठ्यानं समजावून सांगितलं तेव्हा माझा निर्णय झाला. बाई त्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवतात, डावीकडून उजवीकडे एकदा फिरवतात, आणि रजिस्टर मिटतात.

त्याच तलाठ्यानं आणखी एक वाट सांगितली, ती मी जशीच्या तशी कथेत घेतली. शाळेचा कागद नसेल तर घराण्यातल्या जुन्या माणसाची नोंद शोधायची. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जायचे, गाव नमुना नंबर १४, आणि त्यात बहुतेक वेळा जात लिहिलेली असते. ती दप्तरं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. आनंदाच्या आजोबांची, चुलत्यांची जन्मनोंद सापडली आणि नातं जोडणारी वंशावळ शपथपत्रावर दिली, तर काम पुढे सरकतं. सापडेलच असं नाही. काही तालुक्यांतली बुकं वाळवीनं खाल्ली आहेत, आणि जुनी बरीच मोडीत आहेत. पण सांगण्यासारखं काहीतरी बाईंच्या हाती आलं. एका बाईनं म्हटलं, हे कथेत कशाला, किती कोरडं आहे. मला ते कोरडं वाटत नाही. त्या मुलाला अश्रू नको होते, दाखला हवा होता. त्याला नमुना नंबर १४ सांगणं हीच त्या ठिकाणची माया आहे, आणि आता ती कागदावर उतरणारी आहे.

राहिलं उत्तर. बाईंना तीन गोष्टी लिहायच्या आहेत. नाव पटावर नव्हतं. ते गुरुजींनी घालू दिलं नाही आणि मी ऐकलं. गुरुजी गेले. या तीन वाक्यांचा क्रम लावता लावता माझे दोन महिने गेले. ‘गुरुजींनी घालू दिलं नाही’ म्हणून लगेच ‘ते आता नाहीत’ लिहिलं, तर गेलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं घालून आपण मोकळं झाल्यासारखं होतं. आधी ‘ते गेले’ लिहिलं, तर मुलगा रडेल, नाव विचारायचंच विसरेल, आणि बाईंची सुटका होईल. ‘मी घातलं नाही’ असं एकटीवर घेतलं, तर ते थोर वाटतं, पण खरं नाही.

शेवटी मला एक सर्वनाम सापडलं. ‘आम्ही’.

मृत्यूची बातमी मात्र पत्रात नाही. एका वाचकानं मला विचारलं, त्याला कळणार कसं? मी म्हटलं, पाकीट उलटून बघेल तो. दहाव्या वर्षी कोपीत बसून लोकांची पत्रं लिहिलेला मुलगा आहे. पत्र आलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचं, आणि बाईच्या नावाआधी काय लिहिलंय ते बघायचं, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. म्हणजे पत्र फोडायच्या आधीच त्याला कळेल. मग तो आत वाचेल ते ‘आम्ही’ त्याला कसं ऐकू येईल, याचा तुम्ही विचार करा.

कथेचा शेवटचा परिच्छेद वाचते आणि थांबते.

‘बाईंनी कागदाच्या मधोमध श्री लिहिलं. चि. आनंदा यास अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझं नाव आम्ही पटावर घातलं नव्हतं. मी ते रोज घेत होते. घालायला हवं होतं. खाली लिहिते ते नीट वाच आणि गावच्या तलाठ्याकडे जा. मग त्यांनी कोतवाल बुकाचं, आजोबांच्या नावाचं, वंशावळीचं सगळं एकेका ओळीत, आकडे घालून, वर्गात फळ्यावर लिहायच्या तसं लिहिलं. पाकीट चिकटवलं. पत्ता लिहिला, पिनकोडचे सहाही आकडे घातले. मग पाकीट उलटं केलं. पाठवणार, असं लिहून पेन थोडा वेळ वर धरलं. गुरुजी गेल्यापासून बँकेच्या, पेन्शनच्या प्रत्येक कागदावर हे दुसऱ्या कोणी तरी लिहिलं होतं. आता पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, श्रीमती. आणि पुढे, मुलाला ओळख पटावी म्हणून, नाव न लिहिता, बाई.’